लेबलं पिसून बघितली: ताकाच्या मिरच्यांमधला फरक योगायोगाचा असू शकतो का?

मंजिरी_गच्ची

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात राहते, गच्चीवर ग्रो बॅगमध्ये भाजी लावते. गेल्या उन्हाळ्यात मिरचीवर आंबट ताक फवारायचं ठरवलं. आमच्याकडे बरेच जण बोकड्यावर म्हणून फवारतात. मला मात्र उत्पन्नात फरक पडतो का ते बघायचं होतं. दहा पिशव्या होत्या, एकाच रोपवाटिकेतली रोपं. पाच पिशव्यांवर दर आठवड्याला ताक, उरलेल्या पाचांवर तेवढंच साधं पाणी. दोन महिने प्रत्येक पिशवीच्या मिरच्या वेगळ्या तोडून काट्यावर तोलल्या आणि वहीत लिहिल्या. पिशवीमागे एकूण ग्रॅम असे:

ताक: ३१०, २६५, २४०, १८०, १५०
पाणी: २७०, २४०, २२५, १९०, १२०

ताकाची सरासरी २२९, पाण्याची २०९. म्हणजे पिशवीमागे २० ग्रॅम जास्त. आता हा फरक ताकाचा की असाच आलेला?

मुलगा कॉलेजात आहे, त्यानं परम्युटेशन टेस्ट कर म्हणून सांगितलं. मला समजलं ते असं. दहा आकड्यांच्या दहा चिठ्ठ्या करायच्या, डब्यात हलवायच्या, पहिल्या पाच 'ताक' आणि उरलेल्या पाच 'पाणी' म्हणायच्या, आणि फरक काढायचा. हे हजारो वेळा करून २० किंवा त्याहून मोठा फरक किती वेळा येतो ते मोजायचं. त्यानं लिहून दिलेला कोड:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(7)
tak  = np.array([310, 265, 240, 180, 150])
pani = np.array([270, 240, 225, 190, 120])
sarva = np.concatenate([tak, pani])

n = 9999
mojani = 0
for _ in range(n):
    pislele = rng.permutation(sarva)
    if pislele[:5].sum() >= tak.sum():
        mojani += 1
print((mojani + 1) / (n + 1))
```

उत्तर ०.३३ च्या आसपास येतं. म्हणजे नुसत्या चिठ्ठ्या हलवूनसुद्धा तीनातल्या एका वेळी एवढा फरक निघतो. मग ताकाचा काही उपयोग नाही असंच म्हणायचं का? दोन महिने रोज डोळ्यांनी बघत होते, ताकाची झाडं जास्त भरलेली दिसायची. म्हणून विचारतेय.

निवांत

ताई, ताक किती दिवसांचं होतं? आमच्याकडे तांब्याच्या भांड्यात आठ-दहा दिवस ठेवतात आणि पाण्यात मिसळून मारतात. ताजं ताक मारून काही होत नाही. पुढच्या वेळी ते करून बघा, फरक नक्की दिसेल.

मंजिरी_गच्ची

@निवांत, पाच दिवसांचं होतं, मातीच्या मडक्यातलं. सूचना लक्षात ठेवते. पण माझा प्रश्न मोजणीचा आहे, ताकाच्या कृतीचा नाही.

ओंकार_पु

मी कामात हे नेहमी करतो. दोन गोष्टी.

एक, ९,९९९ वेळा पिसणं कमी आहे. एक लाख वेळा करा, उत्तर जास्त नेमकं येईल आणि कदाचित ०.०५ च्या, म्हणजे फरक योगायोगाचा नाही असं मानायच्या नेहमीच्या रेघेच्या, खाली जाईल. दोन, कोडमध्ये `rng.permutation` ऐवजी `rng.choice(sarva, size=10, replace=True)` वापरा, म्हणजे एकच आकडा पुन्हा पुन्हा येऊ शकतो आणि खऱ्या जगासारखा चढउतार मिळतो.

बाकी या टेस्टचं सौंदर्य हेच की तिला कुठलंच गृहीतक लागत नाही. ०.३३ म्हणजे ताकाचा परिणाम असण्याची शक्यता ६७ टक्के. तशी वाईट नाही.

चित्रा_ल

ओंकार, पिसण्याची संख्या वाढवली की उत्तर जास्त नेमकं येतं हे बरोबर. पण कशाच्या जवळ जातं ते बघा. दहा चिठ्ठ्यांतून पाच निवडायचे एकूण २५२ प्रकार आहेत. तेवढेच. लाख वेळा पिसलं तरी तेच २५२ पुन्हा पुन्हा येणार. मी कागदावर मोजले, २५२ पैकी ८३ प्रकारांत पहिल्या पाचांची बेरीज ११४५ किंवा जास्त येते. ८३ भागिले २५२ म्हणजे ०.३२९. लाख पिसण्यांनी ०.३३ चं ०.३२९ होईल, ०.०५ कधीच होणार नाही. पिसण्यानं नवी मिरची तोडली जात नाही.

`replace=True` इथे नको. ती बूटस्ट्रॅपची रीत आहे, तिथे प्रश्न वेगळा असतो: सरासरीचा अंदाज किती हलेल. आपला प्रश्न असा आहे. समजा ताकानं काडीचाही फरक पडत नाही. मग ज्या पिशवीनं ३१० ग्रॅम दिले तिनं ताक न मिळताही ३१० च दिले असते. वजनं आधीच ठरलेली, 'ताक' आणि 'पाणी' हे नुसते वर चिकटवलेले कागद. ते कागद वेगळ्या पिशव्यांवर चिकटले असते तर काय फरक दिसला असता, एवढंच आपण मोजतो. दहाही वजनं प्रत्येक वेळी जशीच्या तशी राहिली पाहिजेत, एक दोनदा आणि एक गायब असं चालणार नाही.

आणि ६७ टक्के हा अर्थ त्या आकड्यातून निघत नाही. ०.३३ हे 'ताक निरुपयोगी आहे' असं धरून काढलेलं उत्तर आहे. जे धरूनच चाललो, त्याचीच शक्यता त्यातून काढता येत नाही.

मंजिरी, तुम्हाला माझा एकच प्रश्न: कुठल्या पिशवीला ताक मिळणार हे तुम्ही कसं ठरवलं? सगळं त्यावर अवलंबून आहे. 'गृहीतक लागत नाही' हे ओंकारचं म्हणणंही तिथेच अडतं.

मंजिरी_गच्ची

चित्राताई, एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. २५२ मधले ८३ हे वाचून पहिल्यांदा नीट डोक्यात शिरलं.

पिशव्या पाच ठिकाणी ठेवल्या होत्या, प्रत्येक ठिकाणी दोन-दोन. पहिलं ठिकाण पूर्वेचा कठडा, तिथे सर्वात जास्त ऊन. मग पुढे सरकत शेवटचं ठिकाण पाण्याच्या टाकीच्या सावलीत. प्रत्येक ठिकाणी एकीवर ताक, एकीवर पाणी. वरची यादी त्याच क्रमानं लिहिली आहे. म्हणजे कठड्यापाशी ३१० आणि २७०, टाकीखाली १५० आणि १२०.

माणदेशी

ताई, मग तुम्ही न कळत ब्लॉक पाडलेत. मी कृषी खात्यात नोकरी केली, प्रात्यक्षिकांचे प्लॉट टाकण्यात बरीच वर्षं गेली. पानसे आणि सुखात्मे यांचं शेतीच्या संख्याशास्त्रावरचं पुस्तक वाचून आम्ही हे शिकलो. शेताला उतार असेल तर वरच्या पट्ट्यात ओल कमी, खालच्या पट्ट्यात जास्त. म्हणून प्रत्येक पट्ट्यात सगळ्या वाणांचा एकेक प्लॉट घ्यायचा आणि तुलना पट्ट्याच्या आतच करायची. वरच्या पट्ट्यातला वाण खालच्या पट्ट्यातल्या वाणाशी ताडून बघायचा नाही.

तुमच्या गच्चीवर उताराऐवजी ऊन आहे. कठड्याची पिशवी आणि टाकीखालची पिशवी यांच्यात दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमचा फरक उन्हानंच पडलाय. त्यात ताकाचे वीस ग्रॅम कुठे दिसणार?

चित्रा_ल

माणदेशी काकांनी नेमकं बोट ठेवलं. मुलाचा कोड दहाही चिठ्ठ्या एका डब्यात टाकतो. त्यात कधी कठड्याच्या दोन्ही पिशव्या 'ताक' होतात आणि टाकीखालच्या दोन्ही 'पाणी'. तुमच्या गच्चीवर असं कधी होऊच शकलं नसतं, कारण प्रत्येक ठिकाणी एकीलाच ताक द्यायचं हे आधी ठरलं होतं. न घडू शकणारे प्रकार मोजणीत घुसवले की त्यांच्यातले उन्हाचे फरकही घुसतात आणि तुमचे वीस ग्रॅम त्यात बुडतात.

लेबलं जशी वाटली, तशीच पिसायची. इथे वाटप ठिकाणाच्या आत झालं, म्हणून पिसणंही ठिकाणाच्या आतच. दोघींची अदलाबदल करायची किंवा नाही करायची. अदलाबदल केली की त्या ठिकाणच्या फरकाचं चिन्ह उलटतं, बाकी काही बदलत नाही. पाच ठिकाणं, प्रत्येकी दोन शक्यता, एकूण ३२ प्रकार.

तुमचे फरक: ४०, २५, १५, उणे १०, ३०. बेरीज १००.

हे हातानंही होतं. सगळी चिन्हं अधिक असती तर बेरीज १२० झाली असती, त्याहून जास्त शक्यच नाही. एखाद्या फरकाचं चिन्ह उणे केलं की बेरीज त्याच्या दुपटीनं घटते. १०० च्या खाली जायचं नसेल तर उणे केलेल्या फरकांची बेरीज १० च्या वर चालणार नाही. मग दोनच प्रकार उरतात: एकही उणे नाही, किंवा फक्त दहाचा उणे. दुसरा म्हणजे तुमचाच प्रत्यक्ष निकाल. ३२ पैकी २, ०.०६२५.

```python
from itertools import product
farak = [40, 25, 15, -10, 30]
jast = 0
for chinhe in product([1, -1], repeat=5):
    if sum(c * f for c, f in zip(chinhe, farak)) >= 100:
        jast += 1
print(jast, "/ 32")
```

त्याच दहा मिरचीच्या पिशव्या, तीच वजनं. एका पिसण्यानं ०.३३, दुसऱ्यानं ०.०६. तुमचे डोळे ठिकाणापुरती शेजारशेजारची झाडं बघत होते, म्हणून तुम्हाला फरक दिसत होता आणि कोडला दिसत नव्हता.

ओंकार_पु

हे मला खरंच माहीत नव्हतं. मी ऑफिसात कायम सगळं एकत्र करून पिसत आलोय. म्हणजे एकाच ग्राहकाच्या आधी-नंतरच्या नोंदी असतील तर त्या ग्राहकाच्या आतच अदलाबदल करायला हवी होती. जुनी कामं पुन्हा उघडावी लागतील.

एक शंका. ०.०६२५ हे एकाच बाजूचं आहे ना? ताक जास्त देईल एवढंच धरलंय.

चित्रा_ल

हो. मंजिरी, ताकानं नुकसानही होऊ शकेल असं सुरुवातीला वाटलं होतं का?

मंजिरी_गच्ची

हो, शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या की उन्हात ताकानं पानं करपतात. म्हणूनच तर मोजायचं ठरवलं.

चित्रा_ल

मग दोन्ही बाजू मोजायच्या. अधिक १०० किंवा जास्त असे दोन प्रकार, उणे १०० किंवा त्याहून खाली असे दोन. ३२ पैकी ४, म्हणजे ०.१२५. निकाल बघून नंतर बाजू निवडली तर उत्तर आपोआप अर्धं होतं, तो मोह टाळायला हवा.

आणि इथे तुमच्या प्रयोगाची खरी मर्यादा दिसते. समजा पाचही ठिकाणी ताकच जिंकलं असतं, प्रत्येकी शंभर ग्रॅमनं. तरी दोन्ही बाजूंनी ३२ पैकी २, म्हणजे ०.०६२५. पाच जोड्यांत याच्या खाली जाताच येत नाही, मग झाडं मिरच्यांनी वाकली तरी. ०.०५ ची रेघ मानणाऱ्याला पटवायचं असेल तर निदान सहा जोड्या हव्यात, तिथे ६४ पैकी २. आठ जोड्या असतील तर २५६ पैकी २, मग एखाद-दुसरी जोडी उलटी गेली तरी काही बोलता येतं.

शाळेतला_फळा

धागा फार उपयोगी आहे. माझंही असंच एक प्रकरण आहे. मी सातवीला गणित शिकवतो. अ तुकडीत ४२ मुलं, ब तुकडीत ४४. यंदा ब ला अपूर्णांक कागदी पट्ट्या कापून शिकवले, अ ला नेहमीसारखे फळ्यावर. चाचणी २० मार्कांची. ब ची सरासरी अडीच मार्कांनी जास्त आली. मी ८६ मुलांची लेबलं दहा हजार वेळा पिसली, एकदाही अडीचचा फरक आला नाही. उत्तर ०.०००० छापून आलं. म्हणजे पट्ट्यांची पद्धत सिद्ध झाली असं मुख्याध्यापकांना लिहून द्यायचा विचार आहे.

चित्रा_ल

सर, आधी छोटी गोष्ट. शून्य कधीच लिहू नका. प्रत्यक्ष घडलेली मांडणी हीसुद्धा शक्य मांडण्यांपैकीच एक असते, म्हणून मोजणीत आणि एकूणात एकेक मिळवायचा, जसं मंजिरींच्या मुलानं केलंय. दहा हजारांत एकदाही नाही म्हणजे १०,००१ मध्ये १, त्याहून कमी असा दावा करता येत नाही.

मोठी गोष्ट माणदेशी काका सांगतीलच, पण प्रश्न तोच: पट्ट्या कुणाला मिळणार हे कसं ठरलं? मुलामुलाची चिठ्ठी काढून, की तुकडीची?

शाळेतला_फळा

तुकडीची. एकाच वर्गात निम्म्यांना पट्ट्या आणि निम्म्यांना फळा कसं करणार? वेळापत्रकात ब चा तास जास्त मोकळा होता म्हणून ब निवडली.

चित्रा_ल

मग लेबलं ८६ नाहीत, दोनच आहेत. एक अ वर, एक ब वर. पिसून पिसून काय होईल, तर पट्ट्या अ ला आणि फळा ब ला. एकूण मांडण्या दोन. त्यात प्रत्यक्ष घडलेली एक. उत्तर २ पैकी १ च्या खाली जाऊच शकत नाही.

शाळेतला_फळा

माफ करा ताई, हे मला पटत नाही. ८६ मुलांनी खरे पेपर लिहिले, मी एकेक तपासला. एवढ्या माहितीला तुम्ही दोन आकड्यांइतकंच धरता? मुलं काही तुकडीची प्यादी नाहीत, प्रत्येकानं आपापलं सोडवलं.

चित्रा_ल

सर, तुमची मेहनत वाया गेली असं मी म्हणत नाहीये. तुमच्या पिसण्यानं एक गोष्ट ठामपणे दाखवली: ही ८६ मुलं नुसती चिठ्ठ्या काढून दोन वर्गांत बसवली असती तर एवढा फरक जवळजवळ कधी आला नसता. म्हणजे दोन तुकड्या खरंच वेगळ्या आहेत. कशामुळे, ते त्यात नाही. पट्ट्यांमुळे असेल. तास मोकळा असल्यामुळे असेल. ब मध्ये आधीपासून गणितात बरी मुलं असतील. एका तुकडीतली मुलं एकाच तासाला बसतात, एकमेकांचं बघून शिकतात, एका दिवशी सगळ्यांनाच झोप येते. त्यांच्यातला एक उचलून दुसऱ्या तुकडीत टाकला तर काही बदललं नसतं, असं आपण म्हणू शकत नाही. पिसायला परवानगी तेवढ्याचीच असते ज्याची अदलाबदल झाली असती तरी चाललं असतं.

माणदेशी

सर, आमच्याकडे नवे लोक हीच चूक करायचे. एका प्लॉटमध्ये एक खत टाकायचं, त्यातली पन्नास कणसं तोलायची आणि पन्नास निरीक्षणं म्हणायची. साहेब विचारायचे, खत कितीदा टाकलं? एकदा. मग निरीक्षण एकच. कणसं पन्नास असली तरी जमीन एकच होती.

तुमच्या केंद्रातल्या आणखी शाळा जोडा. आठ तुकड्या झाल्या आणि चिठ्ठ्या काढून चारांना पट्ट्या दिल्या, तर ७० मांडण्या होतात. दोन्ही बाजूंनी ७० पैकी २ पर्यंत जाता येतं.

शाळेतला_फळा

मांडण्यांचा हिशोब समजला. पण सहामाहीचे मार्क माझ्याकडे आहेत, तेव्हा दोन्ही तुकड्यांची सरासरी जवळपास सारखी होती. मग 'आधीपासून बरी मुलं' हे कारण तरी बाद होतं ना? मला वाटतं माझ्या निकालात तुम्ही म्हणता त्यापेक्षा जास्त दम आहे. आणखी शाळा जोडायचा प्रयत्न करतो, पण अहवाल अडवून ठेवणार नाही. दोन तुकड्या एवढंच होतं हे स्पष्ट लिहीन.

चित्रा_ल

सहामाहीचे मार्क नक्की द्या, त्यानं बाजू मजबूत होते. मोकळ्या तासाचं कारण मात्र त्यानं जात नाही. आणि दोन तुकड्या होत्या हे लिहिणार असाल तर माझी तक्रार नाही.

ओंकार_पु

मंजिरीताईंकडे परत येऊ. जोडीत कुठलीला ताक हे कसं ठरलं ते अजून त्यांनी सांगितलं नाही.

मंजिरी_गच्ची

तेच लिहायला आले होते. विशेष काही ठरवलं नव्हतं. प्रत्येक ठिकाणी जिन्याकडच्या बाजूला जी पिशवी होती तिला ताक. हातात पंप घेऊन जिन्यातून वर यायचे, जवळची आधी लागायची. सगळ्या पाचही ठिकाणी तसंच.

चित्रा_ल

मग ३२ मांडण्यांचा आधारही थोडा डळमळतो. तुम्ही नाणं उडवलं असतं तर त्या ३२ मांडण्या खरोखरच सारख्या शक्यतेच्या झाल्या असत्या, आणि ०.१२५ हा आकडा थेट तुमच्या नाण्यावर उभा राहिला असता. आता 'ताक' आणि 'जिन्याकडची' हे एकच लेबल झालंय. ४०, २५, १५ हे फरक ताकाचे की बाजूचे हे कुठल्याही पिसण्यानं सुटणार नाही.

यात तुम्ही चांगल्या संगतीत आहात. १८७६ मध्ये डार्विननं मक्याचा असाच प्रयोग छापला. परपरागणातून आलेलं एक रोप आणि स्वपरागणातून आलेलं एक, कुंडीच्या समोरासमोरच्या बाजूंना लावलेली. चार कुंड्यांत मिळून १५ जोड्या. उंची इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजली. १३ जोड्यांत परपरागणाचं रोप उंच, दोनांत उलटं. सरासरी फरक साधारण २.६ इंच. त्यानं आकडे संख्याशास्त्राचा अभ्यासक गाल्टन याला दाखवले. गाल्टननं दोन्ही गटांची रोपं उंचीप्रमाणे क्रमानं लावून मग तुलना केली. म्हणजे जोड्याच मोडल्या, अगदी एका डब्यातल्या दहा चिठ्ठ्यांसारख्या.

पुढे संख्याशास्त्रज्ञ फिशरनं प्रयोगांच्या आखणीवरच्या १९३५ च्या पुस्तकात तेच आकडे घेतले. फरकांची बेरीज इंचाच्या आठव्या भागांत ३१४ होती. १५ जोड्यांची चिन्हं उलटसुलट करायचे ३२,७६८ प्रकार. त्यात ३१४ किंवा जास्त बेरीज येणारे ८६३. दोन्ही बाजूंनी १,७२६, म्हणजे ५.२७ टक्के. संगणक नसताना एवढं मोजलं. नेहमीच्या टी-टेस्टनं ४.९७ टक्के येतं, दोन्ही उत्तरं किती शेजारी आहेत बघा. पण फिशरची तक्रारही तिथेच आहे: जोडीतलं कुठलं रोप कुठल्या बाजूला लावायचं हे डार्विननं चिठ्ठी टाकून ठरवलं असतं, तर या मोजणीला दुसऱ्या कुठल्या आधाराची गरज पडली नसती.

मंजिरी_गच्ची

पण ताई, दोन पिशव्यांत जेमतेम वीतभर अंतर होतं. कठड्यापाशी काय आणि कुठे काय, शेजारच्या पिशवीला वेगळं ऊन कसं मिळेल? मला तरी त्या सारख्याच वाटतात.

माणदेशी

ताई, जिन्यावर खोली बांधलेली आहे का? असेल तर दुपारनंतर तिची सावली आधी जिन्याकडच्या पिशवीवर येते. एप्रिल-मे महिन्यात साताऱ्याच्या उन्हात मिरचीला दुपारची थोडी सावली मिळाली तर फूलगळ कमी होते. अर्धा तास सावली जास्त मिळाली तरी फरक पडू शकतो. मी ठाम सांगत नाही, गच्ची बघितलेली नाही. पण वीतभर म्हणून सोडून द्यावं असंही नाही.

मंजिरी_गच्ची

आहे खोली. तीन ठिकाणी तिची सावली पोचते, कठडा आणि टाकी या दोन ठिकाणी नाही. आता मागे जाऊन बघता येणार नाही.

ओंकार_पु

तरी पण कठड्यापाशी सावली पोचत नाही आणि सर्वात मोठा फरक, ४० चा, तिथेच आहे. टाकीपाशीही ३०. म्हणजे सावलीचं कारण निदान या दोन ठिकाणी लागू नाही. मला वाटतं ताकाकडे कल आहे.

चित्रा_ल

निरीक्षण चांगलं आहे, पण दोन जोड्यांवर मी काही बोलणार नाही. मी एवढंच लिहीन: शेजारच्या पिशव्या सारख्या होत्या असं धरलं तर ३२ पैकी ४. ते धरायचं की नाही हे गच्ची ज्यानं बघितली त्यानं ठरवायचं.

मंजिरी_गच्ची

ठरलं. या वेळी आठ जागा, सोळा पिशव्या. प्रत्येक जागी डावी-उजवी अशी खूण केली आहे. नाणं आत्ताच उडवलं, छापा आला तर ताक डावीला. नंतर बदलायचा मोह नको म्हणून इथेच लिहून ठेवते: जागा १ डावी, २ उजवी, ३ उजवी, ४ डावी, ५ उजवी, ६ डावी, ७ डावी, ८ डावी. मोजणी दोन्ही बाजूंची, जागेच्या आत अदलाबदल, २५६ मांडण्या. तोलताना कुठली पिशवी ताकाची ते मुलाला सांगणार नाही, तो तोलेल.

एकच अडचण राहिली. मागच्या वर्षी शेजाऱ्यांची दोन रोपं मरगळून गेली. माझं एखादं रोप मधेच मेलं तर त्या जागेचं काय करायचं?

माणदेशी

आम्ही तो अख्खा ब्लॉक गाळायचो. जोडीतलं एक गेलं तर दुसऱ्याची तुलना कुणाशी करणार? सात जागा उरतील, १२८ मांडण्या.

ओंकार_पु

काका, पण रोप ताकानंच मेलं असेल तर? शेजारच्या काकू म्हणतात तसं पानं करपून. मग ती जागा गाळणं म्हणजे ताकाचं नुकसानच गाळणं होईल. मेलं तिथपर्यंतचं वजन धरून पुढे शून्य लिहायला नको का?

माणदेशी

हं. मर रोगानं गेलं तर गाळा, करपून गेलं तर धरा, असं म्हणावंसं वाटतं. पण मेलेल्या रोपाकडे बघून ते प्रत्येक वेळी सांगता येईल याची खात्री मी देणार नाही.

चित्रा_ल

म्हणून ते मेल्यावर ठरवू नका. मला ओंकारचं म्हणणं जास्त पटतं, मेलेलं रोप तोवरच्या वजनासह धरावं. काकांची रीतही बरेच जण पाळतात. मंजिरी, दोन्हीपैकी काय करणार ते पहिली फवारणी करायच्या आधी इथे लिहा.

मंजिरी_गच्ची

तोवरच्या वजनासह धरणार. रविवारी पहिली फवारणी आहे.